तिसऱ्या गल्लीत ओतलेली हळद

“ओतलीस का झोपलास रे कंडक्टर?” खालच्या मोरीतून सेक्रेटरी ओरडत होते. मोरी म्हणजे रस्त्याखालून गटार जिथं नाल्यात पडतं ती जागा. ते तिथं गुडघ्यावर बसून पाइपाच्या तोंडात बघत होते, आणि त्यांचा आवाज मला हवेतून न येता गटाराच्या पोटातून येत होता, जाड होऊन.

“ओतली की. दोन्ही बादल्या ओतल्या.”

“मग इथं काय आलं? पिवळं सोड, साधं पाणी नाही आलं.”

मी गल्लीच्या वरच्या टोकाला उभा. शेजारी टँकर, त्याचा पाइप गटारात. टँकर रिकामा झालेला, हळद संपलेली, उन्हानं डोकं तापलेलं. वरून आम्ही अख्खा टँकर सोडला होता आणि खाली मोरी कोरडी होती, कालच्या भाकरीसारखी. दोनशे पावलांच्या गल्लीत एक टँकर पाणी कुठं गेलं, हे त्या दुपारी कुणालाच सांगता येईना. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी गायब होताना बघितल्यात. अणशी घाटात माझ्या बसमधून एकदा सव्वीस माणसं गायब झाली होती, पण ती नंतर हॉटेलात सापडली. पाणी मात्र चहा प्यायला उतरत नाही.

मी रामनगरचा. बेळगाव-गोवा रस्त्यावर ट्रकांच्या भोंग्यांत वाढलो, आणि जोयडा तालुक्याच्या जंगलातून बस हिंडवणाऱ्या ड्रायव्हरच्या मागं शिट्टी मारत नोकरी संपवली. आमच्या रामनगरला पंचायत आहे, नगरसभा, म्हणजे नगरपालिका, नाही. ती बघायची तर तालुक्याची हद्द ओलांडून शेजारच्या शहरात यावं लागतं. तिथल्या एका वसाहतीत मी घर बांधलं. वसाहतीतली निम्मी माणसं आमच्याच तालुक्यातली. त्यामुळं गल्लीत मराठी, कन्नड, कोंकणी एकाच दोरीवर वाळत असतात.

आमच्या रहिवासी संघाचे सेक्रेटरी म्हणजे नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेले. पेन्सिल कानावर ठेवूनच आंघोळ करत असणार असा मला संशय आहे. त्यांनी नगरसभेला एक प्रस्ताव दिला: वसाहतीतल्या रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाचा आणि प्रत्येक गटाराचा नकाशा आम्ही रहिवासी फुकट काढतो, तुम्ही तो तपासा आणि वापरा. दर पावसाळ्यात झाड पडलं की नगरसभा म्हणायची, कुठलं झाड? गटार तुंबलं की म्हणायची, तिथं गटार आहे?

नगरसभेतल्या ज्युनिअर इंजिनिअर बाई तरुण होत्या, हुबळीकडच्या. मराठी बोलताना प्रत्येक वाक्याला ‘री’ लावायच्या, पण कागद वाचताना गप्प. प्रस्ताव दोनदा वाचून त्या म्हणाल्या, “अख्खी वसाहत नको री. आधी एक गल्ली करून दाखवा. बरोबर निघाली तर पुढं पाठवते.”

एक गल्ली म्हणजे तिसरी. ती का, तर तिच्या टोकाला अक्का राहते.

अक्का आमच्याहून मोठी, अणशीकडची, नवऱ्याच्या नोकरीमागं जंगल सोडून इथं आलेली. नवरा गेल्यापासून घरात एकटी. दोन-तीन वर्षं ती सांगत होती की घराखालून पाणी वाहतं. पावसाळ्यात नव्हे, चैत्रात, भर दुपारी, आड आटलेला असताना. स्वयंपाकघराच्या जमिनीखाली कुणीतरी हंडा हळूहळू उपडा करतंय असा आवाज. हुबळीला असलेला तिचा मुलगा डॉक्टरकडं नेऊन आला. कान चांगले निघाले. मग त्यानं ठरवलं की कान चांगले असतील तर डोकं तपासायला हवं, आणि आईला घर विकून हुबळीला न्यायला हवं.

“एकदा रान सोडलं,” अक्का मला म्हणाली होती. “आता ह्ये बी सोडू? आनि तिथं त्याच्या तिसऱ्या माळ्यावर काय ऐकू?”

मी तिच्या स्वयंपाकघरात एकदा जमिनीला कान लावला. ऐकू आला. लांबून येणारा, एकसारखा, जणू कुणी ओठ न हलवता काहीतरी मोजत होतं. माझ्या अंगावर काटा आला तो तीन दिवस उतरला नाही. मी मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “काका, तुम्हीच मागं सांगितलं होतं ना, वाघानं बसला हात केला म्हणून?”

व्हय, सांगितलं होतं. आणि वाघाला अर्धं तिकीट फाडलं हेही सांगितलं होतं. आयुष्यभर पिकवलेल्या थापांचं हे पीक. माझी साक्ष चालणार नव्हती. चालला असता तो फक्त नकाशा.

मोजणीची पद्धत सेक्रेटरींनी अशी बांधली होती की माझ्यासारख्याला तोंड उघडायला जागाच राहू नये. दोन जोड्या. दोन्ही जोड्यांनी तीच गल्ली वेगवेगळी मोजायची आणि संध्याकाळी कागद जुळवायचे. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर, टेपनं. मी पहिल्या आंब्याला ‘दोन माणसांच्या कवेत न मावणारा’ असं लिहिलं तर त्यांनी तो कागद फाडला. झाडाला खिळा मारायचा नाही, नंबर रंगानं लिहायचा. जागा फोनवर नोंदवायची, पण दाट पानांखाली फोन वेड्यासारखा दोन घरं इकडं-तिकडं भटकतो, म्हणून शिवाय विजेच्या नंबरी खांबापासून टेपनं अंतर घ्यायचं. गटाराची रुंदी, खोली, उघडं का फरशीखाली, सुरुवात कुठं, शेवट कुठं. आणि सगळ्यात कडक नियम: डोळ्यांनी दिसलं नाही ते ‘दिसलं नाही’ असं लिहायचं. अंदाजानं रेघ मारायची नाही.

तिसऱ्या गल्लीच्या कागदावर गटाराच्या मधल्या भागात तेच लिहावं लागलं. वरून गटार येतं, फरशांखाली शिरतं. खाली मोरीशी पाइप आहे. मधे काय आहे ते दिसलं नाही.

झाडांचं मात्र वेगळंच झालं. गल्लीतली झाडं कमी भरली म्हणून सेक्रेटरींनी आजूबाजूच्या परसातलीही विचारून घेतली. त्यांनी सगळी झाडं ठिपक्यांनी कागदावर बसवली आणि शेरा लिहिला: पानं कशी, हिरवी का वाळकी. चैत्र संपत आला होता, बहुतेक झाडं मरगळलेली. त्यांनी टवटवीत झाडांच्या ठिपक्यांना हिरवी पेन्सिल लावली. मग पेन्सिल खाली ठेवली आणि मला बोलावलं.

“हे तू रंगवलंस का?”

“मी कशाला?”

हिरवे ठिपके ओळीत उभे होते. गल्लीच्या ओळीत नव्हे. गल्ली सरळ, ही ओळ वाकडी, एका परसातून निघून रस्ता ओलांडून, कुंपणांची पर्वा न करता पुढं गेलेली. जांभूळ, करंज, पुन्हा जांभूळ, एक उंबर. कुणी लावलेली नव्हती, आपापली उगवलेली. रस्ते, भिंती, घरं सगळं नंतर आलं, आणि ही झाडं मात्र आपण आधीच ठरवलेल्या वाटेनं कुठंतरी निघाल्यासारखी. ओळीचा शेवटचा ठिपका अक्काच्या मागच्या दारातलं उंबर होतं. त्यापुढं झाड नव्हतं. त्यापुढं अक्काचं स्वयंपाकघर होतं.

“जुना वहाळ,” सेक्रेटरी म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा पक्का नव्हता. “वसाहत व्हायच्या आधी इथनं पाणी जात असणार. झाडं अजून त्याचंच पाणी पितायत. पण हे अंदाज झाले. दिसलेलं नाही.”

म्हणून रंगाची परीक्षा. प्रस्तावातच होती ती: जिथं गटाराचा मार्ग दिसत नाही तिथं वरून पाणी सोडायचं, त्यात खाण्याचा निरुपद्रवी रंग मिसळायचा, आणि तो कुठं बाहेर पडतो ते बघायचं. रंग आणायचं काम माझ्याकडं. दुकानात लालच होता. अक्का म्हणाली, “तांबडं नको बाबा पान्यात. रगत वाटतंय.” आमच्या बाजूला वाहत्या पाण्याला फावडं लावायच्या आधी थोडी हळद वाहतात, पाण्याला विचारल्यासारखं. ती म्हणाली हळदच घे. विचारणंही होईल आणि परीक्षाही होईल. मला ते इतकं पटलं की मी चिमटीची दोन किलो केली. सेक्रेटरींना ‘पिवळा रंग’ एवढंच सांगितलं.

आणि मग ती दुपार. खाली मोरी कोरडी, वर टँकर रिकामा, आणि मधे गल्ली गप्प. कावळासुद्धा नाही. सेक्रेटरी मोरीतून उठून वर येत होते, वाटेत प्रत्येक फरशीला कान लावत. इतक्यात अक्काच्या घरातून तिचा मुलगा बाहेर आला. तो त्या रविवारी आईला न्यायच्या बोलण्यासाठीच आला होता. पायात चप्पल नव्हती. चेहरा धुतल्या कपड्यासारखा.

“काका,” तो म्हणाला, “न्हाणीत या.”

न्हाणीच्या कोपऱ्यातल्या भोकातून पाणी वर येत होतं. घाईनं नव्हे. फुगत, थोडं मागं सरत, पुन्हा फुगत, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखं. आणि ते पिवळं नव्हतं. लाल होतं. काळपट लाल, कडेला फेस. दगडी फरशीवरून ते अक्काच्या पायांकडं पसरत होतं आणि ती हलत नव्हती.

मी खोटं बोलणाऱ्यांत नामांकित माणूस आहे, पण त्या क्षणी माझ्याकडं एकही थाप नव्हती. मी पिवळं ओतलं होतं, माझ्या या हातांनी, नखं अजून पिवळी होती. जमिनीनं ते घेतलं आणि लाल करून परत दिलं. दारात जमलेल्या बायका एक-एक करून मागं सरल्या. कुणीतरी देवचाराचं नाव घेतलं, जागेच्या राखणदाराचं. त्याची वाट बुजवली, वर घर बांधलं, आता तो उत्तर देतोय. मुलगा म्हणाला, “आई, आज निघायचं. आत्ता.”

अक्कानं पाय काढून घेतला. “हाय ना पानी?” ती मुलाला म्हणाली. “मी सांगत हुतो न्हवं?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचं कठीण झालं होतं. पाणी नसतं तर ती वेडी, म्हणून हुबळी. पाणी निघालं तर घर धोक्याचं, म्हणून हुबळी. आम्ही तिला वाचवायला नकाशा काढला, आणि तिच्या दोन्ही वाटा त्याच नकाशानं बंद केल्या.

अक्का त्या दिवशी निघाली नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर बाई आल्या. न्हाणी बघितली, वाकून वास घेतला आणि मला विचारलं, “रंग कुठला टाकला री?”

मी हळद सांगितली. सेक्रेटरींनी माझ्याकडं असं बघितलं की मी बसमधून उतरायला दार शोधू लागलो.

बाई हसल्या नाहीत. “हळदीचा डाग पडलेला शर्ट साबणात टाकला की कसा होतो?”

हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि काल एकीलाही आठवलं नव्हतं. लाल होतो. म्हणजे मधे कुठंतरी हळदीला भरपूर साबण भेटला होता. बाईंनी कागद घेतला आणि हिरव्या ठिपक्यांच्या वाटेनं चालत गेल्या. दुसऱ्या जांभळाशी भिंतीपलीकडं धुलाईचं दुकान. त्याच्या मागच्या भिंतीतून एक पाइप सरळ जमिनीत गेलेला, कुठल्याच कागदावर नसलेला. दुकानदार म्हणाला, कपड्यांचं पाणी रोज दुपारी सोडतो, कधी तुंबलं नाही, मग विचारतंय कोण. त्याखालच्या फरशा उचलल्या तेव्हा जुन्या वहाळाची दगडांनी बांधलेली नाळ दिसली. वरचं गटार फुटक्या फरशीतून तिच्यातच पडत होतं आणि अक्काच्या घराखाली जात होतं. पुढं ती गाळानं बंद. म्हणून टँकरचं पाणी खाली पोचलं नाही, आणि चढलेलं पाणी न्हाणीतून वर आलं. दुपारचा आवाज म्हणजे धुलाईवाल्याचं पाणी.

सगळं समजलं. तरी मी त्या नाळेत वाकून बघितलं आणि लगेच मागं झालो. आतून गार वारा येत होता. बाहेर उन्हानं डांबर पातळ झालेलं, आणि आत कुठल्यातरी पहाटेची थंडी.

मग नगरसभेत बैठक. टेबलाभोवती बाई, सेक्रेटरी, मी, आणि आगंतुकासारखा अक्काचा मुलगा. प्रश्न नकाशा बरोबर निघाल्याचा नव्हता, तो बरोबर निघालाच होता. प्रश्न तो कुणाला द्यायचा हा होता. सेक्रेटरींचं म्हणणं, सगळा सगळ्यांना. झाडाचा नंबर, जात, घेर, गटाराची रेघ, जे मोजलं ते कुणालाही फोनवर उघडता यावं. “अर्धा लपवायचा तर काढायचा कशाला?”

“माझ्या आईच्या घराखाली पोकळी आहे हे तर उघडच हवं,” मुलगा म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. तो रात्रंदिवस आईची काळजी करणारा मुलगा होता, आणि नकाशा हा त्याच्या हातातला पहिला पुरावा होता.

बाईंनी पेन टेकवला. “रस्त्यावरचं, सरकारी जागेतलं सगळं उघड. त्याची एक प्रत संघाकडं, एक आमच्याकडं. दुरुस्ती करायची तर दोघांनी जागेवर जाऊन, एकट्यानं नाही. दर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजणी. घरमालकांची नावं, फोन कुठंच नाही. आणि खाजगी जागेतलं, परसातल्या झाडांसकट, वेगळ्या कागदावर, तो फक्त आमच्याकडं आणि त्या घराच्या मालकाकडं. मालकानं सही दिली तरच उघड.”

सेक्रेटरी पेन्सिल चावत राहिले, मग मान हलवली. मुलानं हात पुढं केला. “मग तो कागद द्या.”

“घर कुणाच्या नावावर आहे री?”

“आईच्या.”

“मग त्यांना.”

कागद आम्ही घरी नेऊन दिला. अक्कानं तो घेतला, चार घड्या घातल्या, कमरेला खोचला आणि उघड करायची सही दिली नाही. मुलगा शेवटी म्हणाला, ठीक आहे. पावसाळ्याआधी गटाराचं काम होऊ दे. काम झाल्यावर मी येतो. आवाज बंद झाला असेल तर राहा. नसेल तर तुझं सामान मी भरणार.

अक्का म्हणाली, बरं.

पावसाआधी गाळ काढायचं काम निघतंच, त्यात बाईंनी हे घातलं. वरचं गटार फुटक्या फरशीच्या अलीकडं वळवून रस्त्याच्या कडेनं नव्या आडव्या गटारातून मोरीला जोडलं. धुलाईवाल्याचा पाइपही त्यात. जुन्या नाळेचं तोंड दगड-सिमेंटनं बंद केलं. अक्काच्या न्हाणीलाही नवा पाइप रस्त्यापर्यंत दिला. या वेळी सेक्रेटरींनी स्वतः आणलेला हिरवा रंग वरून टाकला आणि तो गल्लीच्या कडेनं, सगळ्यांच्या देखत, वेळेवर मोरीत उतरला. प्रस्ताव पुढं गेला. अख्ख्या वसाहतीची मोजणी मंजूर झाली.

काम सुकल्यावर मुलगा आला. मीही होतो, साक्षीदार म्हणून नव्हे, चहासाठी. ऐन दुपार. धुलाईवाल्यानं नुकतंच पाणी सोडलेलं, नव्या गटारातून जाताना ते रस्त्यावर ऐकू येत होतं. स्वयंपाकघरात तो जमिनीवर आडवा झाला, कान टेकवला. बराच वेळ. मग उठून शर्ट झटकला.

“मला काही नाही ऐकू येत,” तो म्हणाला. “तुला?”

“न्हाई,” अक्का म्हणाली. “कायबी न्हाई.”

त्यानं आईच्या पाया पडून गाडी काढली. जाताना मला म्हणाला, काका, तुमचे उपकार. एवढ्या वर्षांत माझं काहीतरी खरं निघाल्याबद्दल मला कुणी पहिल्यांदाच धन्यवाद दिले.

गाडी वळेपर्यंत अक्का दारात उभी होती. मग आत आली. मी पाटावर बसलो होतो. तिनं माझ्यासमोर कप ठेवला आणि चालताना स्वयंपाकघराच्या मधल्या चार फरशा टाळून, भिंतीच्या कडेनं गेली. झोपलेल्या माणसाला ओलांडू नये तशी. येतानाही तशीच, कडेकडेनं. मागच्या दारातून उंबर दिसत होतं. नाळ बंद होऊन महिना झाला होता, एक थेंब पाऊस नव्हता, आणि त्याला कोवळी पालवी फुटलेली.

मी जमिनीला कान लावला नाही. इतकी वर्षं वाघाला तिकीट फाडणारा मी, पण वाकायचं धाडस झालं नाही.

“अक्का,” मी विचारलं, “खरंच थांबला का आवाज?”

तिनं बशी पुसली, फळीवर ठेवली.

“येतोय की,” ती म्हणाली. “पोराला सांगू नको.”